अरेरावी करणारं गिऱ्हाईक आणि ‘ऐकून घे’ म्हणणारा मॅनेजर

फ्रिज घेऊन आठ दिवस झालेत आणि त्यातलं दूध नासतंय. मे महिना आहे, घरात लहान मूल आहे, आणि फ्रिजचे पैसे एकरकमी मोजलेले आहेत. असा माणूस दुकानात येतो तेव्हा त्याचा आवाज चढलेला असणारच. त्याच्या रागाला कारण आहे आणि तो काउंटरवरच्या मुलीसमोर निघतो, कारण दुकानाचा मालक, कंपनीचा अधिकारी किंवा फ्रिज बनवणारा कारखाना त्याला समोर दिसत नाही. दिसते ती तीच. या प्रकरणात आपण हा माणूस, ती मुलगी आणि तिच्यामागे केबिनमध्ये बसलेला मॅनेजर, या तिघांना धरून चालू. हॉटेलचा स्वागतकक्ष असो, मोबाइलचं दुकान असो की दवाखान्यातलं बिलिंग, मांडणी थोड्याफार फरकाने हीच असते.

आधी त्या मुलीच्या हातात काय आहे ते पाहू. उपकरणांच्या धंद्यात नवी वस्तू सुरुवातीलाच बिघडलेली निघाली तर तिला ‘डीओए’ म्हणतात. बहुतेक कंपन्यांची पद्धत अशी, की दुकानाने ती वस्तू परस्पर बदलून द्यायची नाही. कंपनीकडे तक्रार नोंदवायची, कंपनीचा तंत्रज्ञ घरी जाऊन तपासतो, दोष मूळचाच आहे असं लिहून देतो, आणि मग बदलीचा आदेश निघतो. दुकानाने घाईने बदलून दिली आणि कंपनीने नंतर दोष मान्य केला नाही, तर जुना फ्रिज दुकानाच्या गळ्यात पडतो. म्हणजे समोरचा माणूस जे मागतो आहे ते देण्याचा अधिकार त्या मुलीला नाही. तिला तक्रार नोंदवता येते, क्रमांक देता येतो आणि तंत्रज्ञ लवकर यावा म्हणून पाठपुरावा करता येतो. एवढ्या साधनांवर तिला एका तापलेल्या माणसाशी बोलायचं आहे.

पहिल्या दोन-तीन मिनिटांत ती जे करते त्यावर पुढचं बरंच ठरतं. त्याला पूर्ण बोलू द्यावं. ‘शांत व्हा’ हे शब्द वापरू नयेत. ज्याला ते ऐकवले जातात त्याला ते आज्ञेसारखे लागतात आणि आवाज आणखी वर जातो. ‘आमच्या पॉलिसीत बसत नाही’ हे वाक्यही सुरुवातीला नको, कारण त्याला अजून कोणी विचारलेलंच नाही की झालंय काय. त्याऐवजी पेन आणि कागद पुढे ओढावा. बिल मागावं आणि विचारावं: फ्रीझरमध्ये बर्फ होतो का? दार उघडल्यावर आतला दिवा लागतो का? मागून कॉम्प्रेसरचा आवाज येतो का? गाडीतून आणताना फ्रिज आडवा ठेवला होता का? या प्रश्नांना खरा उपयोग आहे. बर्फ होतो पण खालचा कप्पा गार होत नाही, तर बिघाड बहुधा पंख्यात किंवा बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत असतो. कॉम्प्रेसर चालतो आहे आणि गारवा कुठेच नाही, तर गॅस गळल्याची शक्यता वाढते. तक्रारीत हे लिहिलं तर तंत्रज्ञ योग्य सामान घेऊन येतो.

या प्रश्नांचा दुसरा उपयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चिडलेला माणूस आणि छळणारा माणूस यांच्यातला फरक त्यांतून कळतो. चिडलेला माणूस कुरकुरत का होईना उत्तर देतो: ‘दिवा लागतो हो, पण गार काही होत नाही. आणि हे मी दोनदा फोनवर सांगितलंय!’ त्याच्या बोलण्याचा विषय फ्रिजच राहतो. माहिती लिहून घेतली जाते आहे हे दिसलं की त्याचा आवाज हळूहळू उतरतो. छळणारा माणूस प्रश्नाला उत्तरच देत नाही. ‘तू मला शिकवणार?’, ‘दीडदमडीची मुलगी तू, मला नियम सांगतेस?’ फ्रिज बाजूला पडतो आणि बोलण्याचा विषय ती मुलगी होते: तिचं शिक्षण, तिचा पगार, तिची जात, तिचं दिसणं. तिसऱ्या प्रश्नापर्यंत हे बहुधा स्पष्ट झालेलं असतं. आवाज किती चढला यावरून हे ठरवू नये. कित्येक सज्जन माणसं मोठ्याने बोलतात, आणि कित्येक जण अगदी हळू आवाजात घाण बोलतात.

इथपर्यंत नम्रतेने काम भागतं आणि भागवावं. यापुढे नम्रतेचा स्वर ठेवायचा, पण काम थांबवण्याची तयारी दाखवायची. त्यासाठी एक वाक्य आधीपासून तोंडात बसलेलं असावं, कारण अंगाला थरथर सुटलेली असताना नवं वाक्य सुचत नाही. ते साधारण असं असतं: ‘साहेब, तुमची तक्रार मी नोंदवते आहे आणि ती पूर्ण करणार आहे. पण माझ्याशी या भाषेत बोलू नका. पुन्हा असं बोललात तर मी इथे थांबेन आणि पुढचं मॅनेजर बघतील.’ यात तीन गोष्टी आहेत. काम नाकारलेलं नाही. कोणती गोष्ट चालणार नाही ते सांगितलं आहे. आणि पुढे काय होईल ते त्याच्या हातात दिलं आहे. यात विनवणी नाही, धमकीही नाही. हे वाक्य नेहमीपेक्षा हळू आणि खालच्या पट्टीत म्हणावं. ‘तुम्ही असे कसे बोलता’ अशा प्रश्नाने सुरुवात करू नये, कारण प्रश्न विचारला की त्याला उत्तर द्यायची संधी मिळते.

त्यानंतर तो पुन्हा तसंच बोलला तर ती मुलगी खरोखर थांबली पाहिजे. पेन खाली ठेवायचं, ‘मी मॅनेजरना बोलावते’ म्हणायचं आणि काउंटरवरून बाजूला व्हायचं. इशारा एकदाच. पाच वेळा तोच इशारा देणाऱ्याला कोणी मोजत नाही, हे शिपायापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि इथे मॅनेजर आडवा येतो.

‘कस्टमरशी वाद घालायचा नाही. काहीही बोलला तरी हसून ऐकून घ्यायचं.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या कुठल्याही दुकानात सकाळच्या मीटिंगला ऐकू येतं. त्यामागे मॅनेजरचीही अडचण असते. त्याचं रेटिंग ऑनलाइन शेऱ्यांवर ठरतं, एक तारा मिळाला की वरून फोन येतो, आणि शनिवारी संध्याकाळी दुकानात आरडाओरडा झाला तर बाकीची गिऱ्हाइकं निघून जातात. अनेक दुकानांत आणि बँकांत ग्राहकाचं महत्त्व सांगणारी एक पाटी गांधीजींच्या नावाने लावलेली असते. ते शब्द गांधीजींच्या लेखनात कुठे आहेत याचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही, पण त्या पाटीचा आधार घेऊन माणसांना अपमान गिळायला लावणं मात्र सर्रास चालतं.

मॅनेजरची खरी चूक ‘नम्र राहा’ सांगण्यात नाही, ती त्यापुढच्या पायरीवर आहे. आपल्या प्रसंगात तो केबिनमधून बाहेर येतो, गिऱ्हाइकाला खुर्ची देतो, चहा मागवतो आणि मुलीकडे वळून म्हणतो, ‘अगं, काय हे? साहेबांना सॉरी म्हण.’ मग गिऱ्हाइकाला सांगतो, ‘मी बघतो सर, उद्याच बदलून देतो.’ मुलीने जे नियमाने नाकारलं ते शिवीगाळ केल्यावर मिळालं. त्या माणसाने आज एक धडा घेतला, आणि तो पुढच्या खेपेला सुरुवातच शिवीने करेल. रांगेत उभ्या असलेल्या चार जणांनीही तोच धडा घेतला. ज्या दुकानात गिऱ्हाइकं ‘फार वाईट’ आहेत अशी तक्रार असते, तिथे बरेचदा मॅनेजरनेच ही सवय लावलेली असते.

त्याने काय करायला हवं होतं? आधी बाहेर येऊन त्या मुलीशेजारी उभं राहायचं, गिऱ्हाइकाच्या शेजारी नव्हे. मग मुलीने लिहिलेला कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायचा: ‘फ्रिज आठ दिवसांपूर्वी घेतलाय, कॉम्प्रेसर चालतो, गारवा नाही. आमच्या मॅडमनी बरोबर सांगितलंय, आधी तंत्रज्ञ येऊन बघेल. तक्रार आत्ता तुमच्यासमोर नोंदवतो.’ निर्णय तोच राहिला. काही सवलत देता येत असेल, म्हणजे तंत्रज्ञ उद्या सकाळीच पाठवता येत असेल किंवा तोवर दुकानातला नमुन्याचा छोटा फ्रिज घरी देता येत असेल, तर ती द्यावी. पण ती लहान मुलाच्या दुधासाठी द्यावी, ओरडण्यासाठी नव्हे, आणि ती मुलीच्या तोंडून जाहीर व्हावी. मॅनेजरची हुशारी इथे दिसते. हे करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

या प्रसंगाचा शेवट असा समजू, की दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ गेला, गॅस गळतो आहे असं त्याने लिहून दिलं आणि चार दिवसांत नवा फ्रिज आला. म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार पूर्णपणे खरी होती. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती विसरली जाते. माणूस घाण बोलला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. तक्रार क्रमांक त्याला मिळालाच पाहिजे, आणि पाठपुरावाही झालाच पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तो दुकान आणि कंपनी दोघांविरुद्ध दाद मागू शकतो, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही त्याच्यासाठी आहे. चिडलेल्या कर्मचाऱ्याने सूड म्हणून कागद खाली सरकवून ठेवला, तर दुकान दोन्हीकडून चुकीचं ठरतं.

हा सूड कल्पनेतला नाही. कॅनडातले अभ्यासक डॅनियल स्कार्लिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपमान सोसावा लागलेले कर्मचारी गुपचूप उट्टं काढतात: फोन ताटकळत ठेवतात, भलत्याच विभागाकडे जोडून देतात, मुद्दाम कापतात. त्यानंतर 2012 मध्ये इस्रायलमधल्या अनात रफाएली आणि इतरांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. ग्राहकाची आक्रमक भाषा ऐकावी लागलेल्या माणसाची लक्षात ठेवण्याची क्षमता खालावते. गिऱ्हाईक काय म्हणालं, काय मागत होतं, हेच नीट आठवत नाही. आपल्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की शिवी ऐकल्यानंतरच्या काही मिनिटांत ती सीरियल नंबरचा एक आकडा चुकवणार, पुढच्याच्या बिलात सूट लावायची विसरणार किंवा रोख मोजताना गल्लत करणार. म्हणून अशा प्रसंगानंतर तिला दहा मिनिटं काउंटरवरून उठवावं आणि रोखीचं काम तर लगेच देऊच नये. मॅनेजरला भावनेची भाषा पटत नसेल तर हा हिशेब पटतो.

आता ती मुलगी काय करू शकते? मॅनेजर बदलेल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, आणि भर प्रसंगात त्याच्याशी भांडण्यातही नाही. दुकान शांत असेल त्या वेळी, शक्यतो दोघा-तिघांनी मिळून, त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या प्रकारचं बोलणं झालं की आम्ही थांबायचं? थांबल्यावर कोण येणार, आणि तुम्ही दुकानात नसलात तर कोण? आल्यावर तुम्ही आमचा निर्णय तसाच ठेवणार का? पहिल्या प्रश्नावर मॅनेजर सहसा म्हणतो, ‘बघू तेव्हाचं तेव्हा.’ तेव्हा नेमकं विचारावं: आईबहिणीवरून शिवी? जात काढली तर? अंगाला हात लावला तर? काउंटरवरून वस्तू फेकली तर? या प्रत्येकाला ‘तरीही ऐकून घे’ असं तोंडावर म्हणणारा मॅनेजर क्वचितच सापडतो. जे ठरलं ते त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप गटावर साध्या शब्दांत लिहून टाकावं: ‘सर, आज ठरल्याप्रमाणे शिवी दिली की आम्ही एकदा सांगू, मग तुम्हाला बोलावू.’ त्याखाली मॅनेजरने नुसता अंगठा दाखवला तरी तो पुढे उपयोगी पडतो.

सहकाऱ्यांत एक खुणेचं वाक्यही ठरलेलं असावं. ‘जरा जुनं बिलबुक आण ना’ असं काहीतरी. ते ऐकलं की शेजारच्याने हातातलं काम सोडून काउंटरवर यायचं, आणि पहिलीने ‘मी विचारून येते’ म्हणून आत जायचं. दुसरा माणूस समोर आला, विशेषतः त्याने तीच माहिती शांतपणे पुन्हा विचारली, की अनेकदा जोर ओसरतो. पण जिथे पुरुष कर्मचारी आल्याबरोबर गिऱ्हाईक एकदम सुतासारखं सरळ होतं, तिथे त्या मुलीला नुकतं काय सोसावं लागलं हे मॅनेजरने समजून घ्यावं.

नोंद ठेवण्याचा कंटाळा करू नये. एका साध्या वहीत तारीख, वेळ, बिल क्रमांक, बोललेले शब्द जसेच्या तसे, आणि कोण कोण उभं होतं ते लिहावं. ‘असभ्य बोलला’ असं लिहिलं तर महिन्याने त्याला काही किंमत राहत नाही. जे शब्द बोलले गेले तेच लिहावेत, कितीही ओंगळ असले तरी. सीसीटीव्हीचं चित्रण आपोआप टिकत नाही. डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि त्याला कित्येक ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाच लागतो. म्हणून त्याच दिवशी तेवढा भाग वेगळा काढून ठेवायला लेखी सांगावं. गिऱ्हाईक मोबाइलवर चित्रण करू लागलं तर त्याचा फोन हिसकावू नये. तेच दहा सेकंद पुढे सगळीकडे फिरतात.

कायदा कुठवर पोचतो तेही माहीत असावं. स्त्री कर्मचाऱ्याशी लैंगिक स्वरूपाचं बोलणं किंवा वागणं झालं, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लागू होतो, आणि तो फक्त सहकाऱ्यांपुरता नाही. त्याच्या कलम 19 मध्ये, कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. छळणारा माणूस कर्मचारी नसला, तरी पीडितेची इच्छा असेल तर गुन्हा नोंदवण्याच्या कामी मालकाने पुढाकार घ्यायचा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी. लहान दुकानासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची असते. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 79 स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांना आणि हावभावांना तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. इथे ‘हसून ऐकून घे’ असं सांगणारा मॅनेजर स्वतःच कायद्याच्या विरुद्ध वागत असतो.

साध्या शिवीगाळीच्या बाबतीत मात्र आपला कायदा तोकडा पडतो. शांतताभंग व्हावा म्हणून केलेल्या अपमानासाठी कलम 352 आहे, पण तो अदखलपात्र गुन्हा. पोलिस ठाण्यात एनसी लिहून मिळते, पुढे फारसं काही होत नाही. पुरुष कर्मचाऱ्याला 2013 च्या कायद्याचा आधार नाही. मारहाण किंवा तोडफोड सुरू झाली तर 112 लावावा, त्यासाठी मॅनेजरची परवानगी लागत नाही.

इतर देशांनी ही पोकळी भरायला सुरुवात केली आहे. दक्षिण कोरियात ऑक्टोबर 2018 पासून, ग्राहकाच्या शिवीगाळीमुळे कर्मचाऱ्याच्या आरोग्याला धोका असेल तर त्याचं काम थांबवणं किंवा बदलणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. असं संरक्षण मागितलं म्हणून त्याला कामावरून काढणं हा तिथे गुन्हा आहे. टोकियो शहराने ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचा स्थानिक कायदा ऑक्टोबर 2024 मध्ये मंजूर केला आणि तो 1 एप्रिल 2025 पासून लागू झाला. पाहुणचारासाठी आणि ग्राहकाला मान देण्यासाठी ज्या देशाचं नाव घेतलं जातं, त्याच देशाच्या राजधानीला हे करावं लागलं. आपल्याकडे अशा सर्वसाधारण कायद्याची मागणी दुकान-कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. तोवर ज्यांच्या हाताखाली दोन माणसं जरी काउंटरवर उभी आहेत, त्यांनी वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं या आठवड्यात लिहून भिंतीवर लावावीत, गिऱ्हाइकालाही वाचता येतील अशा ठिकाणी.